मदत पुराआधी पोचायला हवी

ऑगस्ट 2019च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेचं पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक थांबली. बघता बघता दोन्ही बाजूंना हजारो ट्रक अडकून पडले. त्यांत भाजी होती, औषधं होती, पेट्रोल-डिझेलचे टँकर होते, गॅसची सिलिंडरं होती. पाण्याच्या पलीकडे कोल्हापुरात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या, भाजी मिळेना. गावागावांतून होणारं दुधाचं संकलनही थांबलं. शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं उपसा केंद्र पुरात बुडालं आणि चहूबाजूंनी पाण्याने वेढलेल्या शहरातले नळ कोरडे पडले. महामार्ग जवळपास आठवडाभर बंद राहिला. पाणी थोडं उतरल्यावर पोलीस बंदोबस्तात, अजून पाण्यात असलेल्या रस्त्यावरून, आधी टँकर आणि अत्यावश्यक मालाच्या गाड्या सोडण्यात आल्या.

त्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. तिथली धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर पोचली. तिथली धोका पातळी 45 फूट. दोन्ही जिल्ह्यांत मिळून काही लाख माणसांना घर सोडावं लागलं.

या सगळ्यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. मालाची टंचाई महाराष्ट्रात नव्हती. पुणे, मुंबई, सोलापूर, नाशिक, जिकडून तिकडून लोक ट्रक भरत होते. धान्य, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या, चादरी यांचे ढीग लागले होते. जे लागत होतं त्यातलं बरंचसं पन्नास-शंभर किलोमीटरच्या आत हजरही होतं. नव्हती ती वाट. शेवटच्या काही किलोमीटरांत माल अडला आणि त्या किलोमीटरांचा निकाल बराचसा मे महिन्यातच लागलेला होता. पुराच्या मदतीचं सगळं शास्त्र या एका गोष्टीभोवती फिरतं: रस्ता जाण्याआधी काय आत पोचलेलं आहे, रस्ता गेल्यावर काय आणि कशाने न्यायचं, आणि कुणी कुणाला काय दिलं याची वही कोण ठेवतं.

रस्ता आधी जातो, गाव नंतर

पूर आला म्हणजे गाव बुडालं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात गाव बुडण्याच्या बरंच आधी ते तुटतं. नदी चढू लागली की सर्वांत आधी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जातात. या बंधाऱ्यांवरून एरवी दुचाकी, ट्रॅक्टर, कधी एसटीही जाते, त्यामुळे बंधारा गेला की जवळची वाट गेली. मग जुने, बुटके पूल जातात. नंतर जातो तो जोडरस्ता. नवा पूल उंच बांधलेला असतो, पण पुलाकडे नेणारा भराव किंवा पुलापुढचा सखल तुकडा खालीच राहतो. पूल पाण्याच्या वर दिसत असतो आणि तिथवर पोचता येत नाही. शिरोलीपाशी महामार्गाचं हेच होतं. जुलै 2021मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा तोच महामार्ग त्याच भागात पुन्हा बंद पडला.

याचा अर्थ असा, की प्रत्येक रस्त्याला स्वतःची एक पातळी असते. राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी झालं की अमुक रस्ता बंद, हे त्या भागातले तलाठी, कोतवाल, एसटीचे चालक आणि दूध गोळा करणारे टेम्पोवाले तोंडपाठ सांगू शकतात. मदतीच्या नियोजनात सर्वांत मोलाचा कागद हाच: पातळीच्या फुटांपुढे बंद होणाऱ्या रस्त्याचं नाव, आणि त्यापुढे त्या रस्त्याने तुटणारी गावं. हा तक्ता असेल तर 39 फुटांच्या इशारा पातळीला कोणता ट्रक कुठे पाठवायचा हे आधीच ठरलेलं असतं. नसेल तर ट्रक निघतो आणि अर्ध्या वाटेत पाण्यासमोर उभा राहतो.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात या तक्त्याचा उपयोग होतो, कारण इथे पाणी तासागणिक चढतं. सावध व्हायला एखाद-दोन दिवस मिळतात. कोकणात तेवढी सवड मिळत नाही. 22 जुलै 2021ला चिपळूण बघता बघता बुडालं. अशा ठिकाणी पातळी पाहून माल हलवू म्हणणं फोल आहे. तिथे जे ठेवायचं ते पावसाळाभर ठेवूनच द्यावं लागतं.

पाणी उतरल्यावर रस्ता लगेच खुला होतो हाही गैरसमज. वर गाळ असतो, खालची खडी धुऊन गेलेली असते, मोऱ्यांच्या बाजूची माती खचलेली असते. डांबर शाबूत दिसतं आणि भरलेला दहाचाकी त्यावर गेला की चाक खाली जातं. एक ट्रक असा रुतला की त्याच्यामागे सगळी रांग थांबते. म्हणून पाहणी होईपर्यंत हलक्या गाड्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉली आत सोडायच्या आणि मोठे ट्रक बाहेरच रिकामे करायचे, हा शहाणपणाचा क्रम आहे. आपल्याकडे ट्रॅक्टर गावोगावी आहेत, त्यांची उंची चांगली असते आणि चालवणाऱ्याला रस्त्याचा काठ ठाऊक असतो. पण पाणी वाहत असेल तर ट्रॅक्टरचाही भरवसा नाही. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक मोटारी ढकलून नेतं.

नकाशा तालुक्याचा आणि नकाशा पाण्याचा

शिरोळ तालुक्याचा नकाशा समोर ठेवला तर पुढची अडचण दिसते. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचं पाणी या एका तालुक्यात येतं. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम आहे. संगमाच्या वर कृष्णा फुगली की पंचगंगेला पुढे सरकायला जागा राहत नाही, ती मागे पसरते. पाणी उतरायलाही त्यामुळेच दिवस लागतात.

नृसिंहवाडीच्या समोर, कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर औरवाड आहे. औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास, कवठेगुलंद, शेडशाळ आणि गणेशवाडी ही तिकडची सात गावं. ती कोल्हापूर जिल्ह्यात आहेत, त्यांचं तहसील कार्यालय शिरोळला, म्हणजे नदीच्या अलीकडे. एरवी पूल ओलांडला की काम होतं. महापुरात त्यांच्या आणि शिरोळच्या मध्ये कृष्णा आडवी येते. मग या गावांना पोचण्याची जी वाट उरते ती पूर्वेकडून: मिरजेहून कर्नाटकातल्या कागवाडला, आणि तिथून गणेशवाडीकडे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावाला मदत द्यायला सांगली जिल्ह्यातून निघावं लागतं आणि बेळगाव जिल्ह्यातून जावं लागतं.

इथे प्रशासनाचा नकाशा आणि पाण्याचा नकाशा यांची फारकत होते. शिधा मंजूर करणारे तहसीलदार एका तीरावर, गोदाम त्याच तीरावर, गाव दुसऱ्या तीरावर, आणि रस्ता तिसऱ्याच्या हद्दीतून. ज्या जिल्ह्यातून रस्ता जातो तिथले अधिकारी स्वतःच्या पुरात बुडालेले असतात. परक्या जिल्ह्याचा माल आपल्या गोदामातून कुणाच्या सहीने सोडायचा, हा प्रश्न ऐन पुरात सुटायला एक दिवस लागला तर तो दिवस गावाच्या पोटातून जातो. हे करार मे महिन्यात, कोरड्या टेबलावर व्हायला हवेत: पाणी अमुक पातळीवर गेलं की ही सात गावं मदतीपुरती मिरजेच्या गोदामाला जोडली जातील, आणि हिशोब नंतर जुळवला जाईल. महाराष्ट्रात नदीकाठी जिथे जिथे तालुक्याची किंवा जिल्ह्याची हद्द नदी ओलांडून जाते, तिथे हाच प्रश्न आहे.

एका गावाचा हिशोब

मदत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धान्य येतं. वजनाच्या हिशोबात धान्य सर्वांत हलकं असतं. एक उदाहरण करून पाहू. समजा, नदीपलीकडच्या एका गावात 2,000 माणसं मागे राहिली आहेत. उंचवट्यावरच्या शाळेत, देवळात, माडीच्या घरांत ती आहेत. गावात 800 गाई-म्हशी आहेत. गाव सात दिवस तुटलेलं राहणार आहे.

आणीबाणीत माणसाला दिवसाला सुमारे 2,100 उष्मांक मिळावेत असा जगभर मानला जाणारा दंडक आहे. तांदूळ, डाळ, तेल, पीठ असं मिळून ते साधारण 600 ग्रॅम होतं. 2,000 माणसांना रोज 1,200 किलो. सात दिवसांचे साडेआठ टनांच्या आत, म्हणजे एका ट्रकचा माल.

आता पाणी. निव्वळ पिण्यासाठी माणशी तीन लिटर धरले तरी रोजचे 6,000 लिटर, म्हणजे सहा टन. हे धान्याच्या पाचपट झालं.

आणि चारा. मोठ्या जनावराला दिवसाला किमान 15 किलो हिरवा चारा लागतो. 800 जनावरांना रोज 12 टन. माणसांच्या धान्याच्या दहापट. आठवड्याचा चारा 84 टन होतो.

हे सगळं बोटीने न्यायचं ठरवलं तर काय होईल? मोटर लावलेल्या रबरी बोटीत माल भरायचा म्हटला तर एका खेपेला 600 किलो धरू. भरणं, पाण्यातून वाट काढत जाणं, उतरवणं आणि परत येणं यांत दीड तास सहज जातो. अंधारात बोट हाकणं धोक्याचं, कारण पाण्याखाली विजेच्या तारा, कुंपणं, झाडांच्या फांद्या असतात. दिवसाउजेडी एका बोटीच्या सहा खेपा झाल्या तरी पुष्कळ. धान्याला दोन खेपा लागतील, पाण्याला दहा, चाऱ्याला वीस. एकूण 32 खेपा, म्हणजे एका गावासाठी रोज पाच-सहा बोटी, आणि त्या फक्त मालासाठी. त्याच बोटींना गरोदर बायका आणि डायलिसिसचे रुग्ण बाहेर काढायचे असतात. बोटीच्या इंजिनाला पेट्रोल लागतं आणि पेट्रोलचा टँकर शिरोलीला अडकलेला असतो. तालुक्यात अशी चाळीस गावं धरली तर हा मार्ग चालणार नाही हे उघड आहे.

आता तोच हिशोब उलटा करू. पाणी वाहून नेण्याऐवजी पाणी शुद्ध करण्याचं साधन गावात आधीच ठेवलं तर? क्लोरीनची 67 मिलिग्रॅमची एक गोळी 20 लिटर स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याला पुरते. 6,000 लिटरला 300 गोळ्या. सात दिवसांच्या 2,100 गोळ्या एका खोक्यात मावतात आणि ते खोकं एक माणूस काखेत मारून नेऊ शकतो. 42 टनांचं काम एका खोक्यावर आलं.

मात्र गोळी म्हणजे जादू नव्हे. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो. आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यायचं, दुहेरी कपड्याने गाळायचं, मग गोळी टाकायची आणि अर्धा तास थांबायचं. पुराच्या पाण्यात कारखान्यांची आणि शेतातली रसायनं मिसळलेली असतात, ती क्लोरीनने जात नाहीत. त्यामुळे नदीचं पाणी शेवटी, आधी पावसाचं. वर आभाळ फाटलेलं असताना स्वच्छ ताडपत्री ताणून किंवा पत्र्याची पन्हळ टाकीत सोडून पिण्यापुरतं पाणी साठवता येतं. गावोगावी ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकतात आणि ओ.टी. तपासणी करतात. पाण्यात क्लोरीन उरलाय का हे पाहण्याची ही साधी चाचणी पूरकाळात रोज व्हायला हवी. टीसीएल उघड्या पोत्यात, दमट खोलीत ठेवली तर तिचा जोर जातो. पावडर पांढरीच दिसते, पण पाण्यात काम करत नाही. ओ.टी. टाकल्यावर पाणी पिवळं झालं नाही की कळतं.

चाऱ्याचंही तसंच. मुरघास हवाबंद पिशव्यांत महिनोन् महिने टिकतो. कडबा आणि पेंड उंचावर रचून ठेवता येते. त्याहून बरं म्हणजे पाणी दारात येण्याआधी जनावरं हलवणं. आपल्याकडे माणसं घर सोडत नाहीत त्याचं मोठं कारण दावणीला असतं. म्हशीला कुठे ठेवणार, काय घालणार याचं उत्तर मिळालं की बाई पोरांना घेऊन निघते. जनावरांची छावणी आधी उघडली तर माणसांसाठी लागणाऱ्या बोटी कमी होतात, हा पूरभागातला अनुभव आहे.

आधी काय ठेवायचं, कुठे ठेवायचं

महाराष्ट्राला हे नवं नाही. गडचिरोलीत, मेळघाटात पावसाळ्यात तुटणारी गावं दर वर्षी ठरलेली असतात. भामरागडची पर्लकोटा नदी एका पावसाळ्यात अनेकदा पुलावर येते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. म्हणून अशा दुर्गम गावांसाठी पावसाळ्याच्या चार महिन्यांचं रेशनचं धान्य पाऊस सुरू होण्याआधीच पोचवण्याची व्यवस्था नवसंजीवन योजनेत केलेली आहे. रस्ता जाणारच आहे हे मान्य करून आखलेली ही योजना आहे. ऊस, दूध आणि डांबरी रस्ते असलेल्या कृष्णाकाठाने मात्र रस्ता राहील असं गृहीत धरलं. भामरागडला जे कळलं ते कृष्णाकाठाने शिकायला हवं.

फक्त धान्य आधी दिलं की झालं असंही नाही. 2025च्या पावसाळ्यापूर्वी केंद्राने तीन महिन्यांचं रेशन एकदम देण्याची मुभा दिली होती. पण ते धान्य घरातल्या कणगीत गेलं आणि घर तळमजल्यावर असलं तर पहिलं पाणी त्याच कणगीत शिरतं. व्यापाऱ्याकडच्या मालाचंही तेच. सांगलीत 2019ला गणपती पेठ आणि मारुती रोड पाण्याखाली गेले. ज्या दुकानांतून आसपासच्या गावांना किराणा जायचा तीच दुकानं बुडाली. पुराच्या साठ्याचा पहिला नियम म्हणूनच साधा आहे: साठा मागच्या सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेच्या वर, आणि तुटणाऱ्या बाजूला. रेषेच्या वर पण नदीच्या चुकीच्या तीरावर ठेवलेला साठा गावासाठी नसल्यासारखाच.

काय ठेवायचं याचीही एक कसोटी आहे. ज्याची गरज दर पुरात नक्की लागते, जे बाहेरून यायला वेळ लागतो आणि जे टिकतं, ते आत ठेवावं. ताडपत्र्या, दोरखंड, लाइफ जॅकेट, क्लोरीनच्या गोळ्या, टीसीएल, जलसंजीवनीची पाकिटं, सॅनिटरी पॅड, टॉर्च, बोटीच्या इंजिनाचं पेट्रोल आणि ऑइल, पाण्याच्या घडीच्या टाक्या. दूध, भाजी, शिजवलेलं अन्न, इन्शुलिन यांसारखं नाशिवंत बाहेरून रोज यावं. अशी विभागणी केली की बोटीवर तेवढंच उरतं जे बोटीनेच जायला हवं.

साठ्याबरोबर माणूसही ठेवावा लागतो. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019ला बोट उलटली आणि 17 जणांचा जीव गेला. बोट गावातलीच होती. क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं तिच्यात चढली, कारण पुन्हा बोट येईल याचा भरवसा कुणालाच नव्हता. गावात बोट असणं पुरेसं नव्हतं. ती हाकणारा शिकलेला माणूस, प्रत्येक प्रवाशाला जॅकेट, आणि माणसं मोजून चढवणारा व खेपेनंतर खेप होईल असं ठामपणे सांगणारा अधिकारी, हे सगळं मिळून बोट होते. आता दर पावसाळ्यात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या कोल्हापूर-सांगलीत आधीच येऊन थांबतात, हा त्या वर्षाने शिकवलेला धडा आहे. पण तुकडीकडे बोटी मोजक्या आणि गावं शेकड्यात, म्हणून गावातली बोट आणि गावातले नावाडी यांची जूनच्या आधी तालीम झालीच पाहिजे. गोदामाची किल्ली कुणाकडे, आणि तो माणूस बाहेरगावी असला तर दुसरी किल्ली कुणाकडे, हेही त्याच दिवशी ठरवावं.

ट्रक आला, पुढे काय?

बाहेरून येणारी मदत थांबवता येत नाही आणि थांबवूही नये. तिला शिस्त लावता येते. आपत्ती व्यवस्थापनाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत थांब्याच्या जागेची कल्पना आहे: पूरभागाच्या बाहेर, कोरड्या आणि मोठ्या मैदानावर, जिथे प्रत्येक ट्रक आधी थांबेल. तिथे माल उतरवायचा, नोंदवायचा, वर्गवारी करायची आणि मागणीप्रमाणे छोट्या गाड्यांत भरून आत पाठवायचा. बाजार समितीचं आवार याला उत्तम, कारण तिथे काटा, शेड, हमाल आणि हिशोब लिहिणारे दिवाणजी आधीच असतात.

असा थांबा नसेल तर काय होतं हे दर पुरात दिसतं. ट्रकवाले मोबाइलवर ज्याचा नंबर मिळेल त्याला विचारून निघतात. महामार्गाजवळचं, गाडी पोचेल असं गाव त्यांना आधी लागतं. त्या गावात तीन-तीन ट्रक उतरतात आणि दहा किलोमीटर आत असलेल्या गावाला काहीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच गावाचा आणखी एक संदेश फिरतो, कारण पहिला संदेश मागे घेणारं कुणी नसतं.

मालाची निवडही घरबसल्या होते. जुने कपडे हा त्यातला सर्वांत मोठा भार. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले आणि तेच साफ करायला माणसं लावावी लागली. कपडे जागा खातात, भिजले की कुजतात, आणि पूरग्रस्त माणसाचा मानही राखत नाहीत. गव्हाचं वेगळं. सरकारने 2019ला पूरग्रस्त कुटुंबांना दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत देण्याचं ठरवलं. पाणी उतरून घर लागल्यावर त्याचा उपयोग आहे. पण वीज नाही, गिरणी बुडालेली, गॅस नाही, अशा गावात पहिल्या आठवड्यात गहू तसाच राहतो. तिथे पोहे, चुरमुरे, भडंग, चटणी, शेंगदाणे, कडक भाकरी, दुधाची पावडर कामाला येते. चूल पेटल्यावर पीठ आणि तांदूळ. गिरणी सुरू झाल्यावर गहू. एकच वस्तू पहिल्या दिवशी अडगळ असते आणि दहाव्या दिवशी आधार होते. म्हणून मागणी गावातून यावी लागते, आणि ती दर दिवशी नव्याने यावी लागते.

त्सुनामीनंतर नागपट्टणमला याचा एक चांगला नमुना उभा राहिला. जानेवारी 2005मध्ये तिथल्या स्नेहा आणि सिफ्स या संस्थांनी पुढाकार घेऊन जिल्हा प्रशासनाच्या साथीने स्वयंसेवी संस्थांचं एक समन्वय केंद्र सुरू केलं. कोणत्या गावात कोण काम करतंय, कुठे काय कमी आहे, कुठे पुरे झालं, ही माहिती तिथे एका जागी मिळायची. शेकडो संस्था आल्या तरी त्यांना गाव वाटून देता आलं. आपल्या जिल्ह्यांत जिल्हाधिकारी हे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, 1077 या क्रमांकावर नियंत्रण कक्ष असतो. त्याच कक्षात स्वयंसेवी संस्थांसाठी एक टेबल आणि एक वही असली तरी पुष्कळ साधतं. वहीत चार रकाने पुरतात: गाव, काय मागितलं, काय पोचलं, गावात कुणी सही करून घेतलं. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. ट्रक निघाला म्हणजे माल पोचला असं नसतं. पोलीसपाटलाची किंवा बचत गटाच्या बाईची सही आली म्हणजे पोचला.

व्यवस्था बिघडतेय हे कसं ओळखायचं? थांब्यावर ढीग वाढतोय आणि त्याच वेळी गावांतून फोन चालूच आहेत, म्हणजे शेवटची वाट तुंबली आहे, आणखी ट्रक मागवून उपयोग नाही, बोटी आणि ट्रॅक्टर हवेत. बोटी काठाला उभ्या आहेत आणि नावाडी बसून आहेत, म्हणजे पेट्रोल किंवा भरायला माणसं कमी आहेत. एका गावाचं नाव वहीत रोज येतंय आणि शेजारच्या गावाचं एकदाही नाही, म्हणजे त्या गावाचा फोनच बंद आहे. तिथे आधी माणूस पाठवायचा. शांत गाव हे बहुधा सर्वांत अडचणीत असलेलं गाव असतं.

दोन विनंत्या

शहरातल्या वाचकांना विनंती अशी, की पुढच्या पुरात ट्रक भरण्याआधी जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला विचारा: काय हवंय, कुठे उतरवू, आणि तुमच्याकडे वाहायची सोय आहे का. शक्य असेल तर वस्तूऐवजी पैसे द्या, तेही तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला. ती जवळच्या बाजारातून हवं ते, हवं तेव्हा घेईल आणि तिथल्या बुडालेल्या दुकानदारालाही उभं राहायला मदत होईल. खोकी भरायचीच असतील तर एका खोक्यात एकच वस्तू भरा, वर मराठीत मोठ्या अक्षरांत नाव, वजन आणि मुदत लिहा, आणि एका माणसाला उचलता येईल एवढंच भरा. बोटीवर दोन माणसांचं ओझं चढवता येत नाही.

नदीकाठच्या वाचकांना विनंती अशी, की मे महिन्याच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या. किती फूट पाण्याला आपला कोणता रस्ता जातो? सात दिवसांचं पाणी, चारा आणि औषध पूररेषेच्या वर, नदीच्या आपल्या बाजूला कुठे आहे, आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे? आपलं तालुक्याचं गाव तुटलं तर आपल्याला कोण जोडून घेणार? या तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर जूनमध्ये ग्रामसभा पुन्हा बोलवा. जुलैमध्ये ती बोलावता येणार नाही.